मी भरलेलं वैशूचं प्रोफाइल

सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की, वर्धा जिल्ह्यात बहिणीच्या लग्नासाठी प्रोफाइल भरून तिला प्रचंड मागणी मिळवून देणारा पहिला आणि (देव करो) शेवटचा भाऊ मीच आहे. या विधानाविरुद्ध कोणाची हरकत असल्यास त्यांनी माझ्या बायकोशी संपर्क साधावा. तिच्याकडे हरकतींचा साठा तयार आहे.

मी एका शाळेत मुख्य लिपिक आहे. शिष्यवृत्तीचा, पेन्शनचा, बदलीचा, मेडिकल बिलाचा असा एकही अर्ज नाही जो मी भरलेला नाही. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत कोणाला कसलाही फॉर्म भरायचा असला की लोक माझं दार वाजवतात. त्यामुळे बहिणीचं प्रोफाइल भरायची वेळ आली, तेव्हा ते काम माझ्याकडे येणं हे नदीने उताराकडे जाण्याइतकं स्वाभाविक होतं. पुढे नदीने काय केलं ते सांगतोच.

माझी धाकटी बहीण वैशाली. वय अडतीस. भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक, म्हणजे शेतांची सरकारी मोजणी करते. दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे असतात, तिथे ही टोपी घालून, मशीन मांडून मध्ये उभी राहते आणि म्हणते, "काका, कुऱ्हाड खाली ठेवा, मशीनले सावली येते." कुऱ्हाड खाली जाते. स्वतःचा फ्लॅट, स्वतःची गाडी, स्वतःचं डोकं. लग्न मात्र केलेलं नाही. आधी वडिलांचं आजारपण होतं, मग तिची परीक्षा, मग नोकरी, आणि मधल्या काळात आलेल्या स्थळांपैकी एकाला तिची नोकरी नको होती आणि दुसऱ्याला फक्त नोकरीच हवी होती.

वैशूला याचं काही दुःख नव्हतं. दुःख इतरांना होतं. आणि ते त्यांच्याने आवरत नव्हतं!

कडेलोट आंजी गावातल्या एका लग्नात झाला. पंगतीत वैशू छानपैकी जिलबी खात बसली होती. समोर आमची आत्या. आत्याने तिच्या पाठीवरून असा हात फिरवला, की बघणाऱ्याला वाटावं ही पोरगी नुकतीच पुरातून वाचून आली आहे.

"बिचारी माय! जेवजो पोटभर. आपल्या हातात काय असते?"

"जिलबी, आत्या," वैशू म्हणाली. "माझ्या हातात जिलबी हाये. आनंदानं खाऊन राह्यली मी."

"हो वो माय, वरून हासतेस तू. आतलं दुःख मले दिसते."

वैशूने जिलबी खाली ठेवली. (वैशूने जिलबी खाली ठेवण्याची आमच्या घराण्यातली ही पहिलीच घटना.) घरी आल्यावर तिने आईला, मला, माझ्या बायकोला म्हणजे शोभाला आणि मुक्कामाला आलेल्या आत्याला समोर बसवलं.

"एकदाचा निकाल लावू," ती म्हणाली. "तुमचं ते प्रोफाइल टाका ॲपवर. पण माहिती मी सांगीन तीच, खरी. दसऱ्यापर्यंत ठेवा. एकही धड स्थळ नाही आलं, तर हा विषय बंद. कोणाच्या लग्नात माझ्या पाठीवर हात नाही फिरवायचा, देवळात नवस नाही, उसासे नाही. मंजूर?"

"आन् आलं तर?" आईने विचारलं.

"आलं तर मी भेटीन. चहा पण मीच आणीन."

आईचे डोळे चमकले. आत्या मात्र मान हलवत म्हणाली, "अडतिसाव्या वर्षी कोण येते वो? उगाच आशेवर नोका ठेवू पोरीले."

"आत्या," मी छाती पुढे काढून म्हणालो, "फॉर्म कोण भरून राह्यला ते पाय!"

आणि मी फॉर्म भरला.

आता इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळं रामायण पहिल्याच पानावर घडलेलं आहे. ॲप उघडलं. माझ्या मोबाइलवर ओटीपी आला, तो टाकला. मग पहिला प्रश्न आला आणि त्याखाली पर्याय: स्वतः, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नातेवाईक, मित्र. तीस वर्षं सरकारी अर्ज भरणाऱ्या माणसाला पहिल्या रकान्यातला प्रश्न वाचावा लागत नाही. पहिल्या रकान्यात काय असतं? अर्जदार! अर्ज करतंय कोण? मी. मी वैशूचा कोण?

मी 'भाऊ' दाबलं.

वर 'हे प्रोफाइल कोणासाठी आहे?' असं लिहिलं होतं म्हणे. असेल.

ॲप हुशार. 'भाऊ' म्हटल्यावर त्याने स्त्री की पुरुष हा प्रश्न विचारलाच नाही. आपणच ठरवून मोकळं झालं. मी मनात म्हटलं, वा, काय सुटसुटीत फॉर्म आहे!

पुढची माहिती वैशू सांगत गेली, मी भरत गेलो. वय अडतीस ("छत्तीस टाकू का?" "दादा!"). अविवाहित. उंची पाच फूट सहा. पदवीधर. कायम सरकारी नोकरी, वर्धा. वार्षिक उत्पन्नाच्या पट्ट्यांतून खरा तो पट्टा. पत्रिका पाहणे: आवश्यक नाही. स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या, त्या तिने इतक्या कोरड्या आवाजात सांगितल्या की जणू मोजणीचा पंचनामा: 'स्वतःचा फ्लॅट आहे. नोकरी सोडणार नाही. स्वयंपाक येतो, रोज करणार नाही. स्वभाव स्पष्ट. उन्हात काम असल्याने रंग रापलेला. आईची जबाबदारी घेतलेली आहे व राहील.'

"पोरी, हे स्थळ बोलवायले लिवतेस का हाकलायले?" आत्याने विचारलं.

नाव दाखवायचं नाही, फक्त प्रोफाइलचा नंबर दिसेल, हीही वैशूचीच अट. अर्ध्या तालुक्याचे शेतकरी तिला ओळखतात. फोटोही नाही. "ज्याले पाहाचं त्याने भेटून पाहावं." ॲपने आधार कार्डाने ओळख पटवून घ्या म्हणून सुचवलं, त्याखाली 'नंतर करू' असं बटण होतं. नंतर करू म्हणणं हा तर लिपिकाचा जन्मसिद्ध हक्क. दाबलं. जोडीदाराच्या अपेक्षांमध्ये ॲपने आपणहून वय भरून दिलं होतं, एकोणतीस ते अडतीस. शोभा मागून डोकावली.

"अहो, हे एकोणतीस काऊन? वैशूपेक्षा लहान पोट्टे येतीन."

"ॲपले माहीत असते शोभा! जमाना बदलला. तू तुझा वरण-भात पाय."

(हे वाक्य शोभा आजही पाहुण्यांना म्हणून दाखवते. माझ्या आवाजात.)

दुसऱ्या दिवशी प्रोफाइल तपासून चालू झालं आणि पूर आला! पसंतीवर पसंती. नागपूर, यवतमाळ, पुलगाव, अमरावती. फोन टेबलावर असा थरथरायला लागला की वरणाची वाटी सरकायची. बहुतेक प्रोफाइलना नाव नव्हतं, नुसता नंबर, आणि फोटोंना कुलूप लावलेलं. फोटो दिसले असते तरी काय, चष्मा माझ्या कपाळावर होता. मी फक्त ठळक अक्षरं वाचायचो: एकतीस, बी.एस्सी., बी.एड. तेहतीस, बँकेत. एकोणतीस, एम.ए.

"तेहतीस वर्षांचा, बँकेतला!" मी ओरडायचो. "वैशूच्या मागे लागला!"

आईने शेजारी पेढे वाटले. आत्या गप्प झाली, आणि आमची आत्या गप्प होणं म्हणजे पवनारला धाम नदी उलटी वाहणं. वैशू चकित झाली होती. "दादा, खरंच हेच लिहिलं ना तू? मी सांगितलं तेच?"

"अक्षर न् अक्षर! याले म्हणतात मजकुराची ताकद."

त्यांतल्या आर्वीच्या एका प्रोफाइलची पसंती मी स्वीकारली. वय एकतीस, शिक्षण क्षेत्र, प्रोफाइल वडील सांभाळतात. त्यांनी पैसे भरून सभासदत्व घेतलेलं होतं, त्यामुळे माझा नंबर त्यांना लगेच दिसला आणि संध्याकाळीच मनोहररावांचा फोन आला. मी सगळ्या घराला हाताने खूण केली आणि फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार भाऊ. तुमचं स्थळ लय आवडलं आमाले. आमची पल—"

"आनंद आहे!" मी मध्येच म्हणालो. (मी कोणाला वाक्य पूर्ण करू देत असतो तर हे पुढचं काही घडलं नसतं.) "पण आधीच सांगतो, लपवाछपवी नाही. वय अडतीस आहे."

"अडतीस म्हणजे काई वय हाये का, भाऊ? ऐन उमेदीचं वय! उलट समज येते."

आईने पदर डोळ्याला लावला.

"स्वयंपाक येतो, पण रोज जमणार नाही."

"येते?" मनोहरराव थक्क झाले. "सयपाक येते? अवो, येते हेच लय झालं! आमी तर अपेक्षाच नोती केली."

आत्याने तोंडावर हात ठेवला.

"नोकरी सोडणार नाही."

"सोडाची कायले? काय बोलता भाऊ!"

"रंग जरा रापलेला—"

"मेहनतीचा रंग हाये तो! घरात बसून गोरं राहण्यापरीस बरा."

"आणि स्वभाव... म्हणजे... स्पष्ट. थोडा कडक."

"कडकच पायजे! नरम राहून संसार होते का? आन् आईले सांभाळते हे वाचून तर, खरं सांगतो, मी बायकोले म्हटलं, असं स्थळ शोधून सापडत नाई."

ज्या पाच गोष्टींसाठी पंधरा वर्षं आमच्या घरात उसासे सोडले गेले होते, त्या पाचही गोष्टींवर या देवमाणसाने एकेक फूल वाहिलं होतं. मी वैशूकडे बघितलं. ती फोनकडे असं बघत होती, जसं ती सातबाऱ्यावर न जुळणाऱ्या आकड्याकडे बघते.

"दादा, काहीतरी गडबड हाये," ती हळूच म्हणाली. "इतके चांगले लोक नसतात."

"असतात! आर्वीले असतात!"

मनोहरराव म्हणाले, "रविवारी आमीच येतो घर पाहाले." स्थळ घरी येणार आणि शब्दाप्रमाणे वैशू चहा आणणार! मला रात्रभर झोप नाही.

रविवारी जीप आली. मनोहरराव, त्यांची बायको आणि तिशीतली एक हसऱ्या चेहऱ्याची मुलगी उतरले. मी मनात म्हटलं, मुलाची बहीण दिसते. आणि मग सुरू झाला नम्रतेचा असा सामना, जो मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मी वाकून नमस्कार केला, मनोहरराव त्याहून खाली वाकले. मी म्हटलं, "तुमी बसा." ते म्हणाले, "तुमच्या आधी कसं बसाचं?" आम्ही दोघेही बराच वेळ अर्धवट वाकलेले, पंक्चर काढणाऱ्या माणसांसारखे. त्यांनी संत्रा बर्फीचा डबा आईच्या हातात दिला, आईने साडी त्यांच्या बायकोच्या हातात दिली. दोन्ही बाजू मुलीकडच्या! दोन्ही बाजू दबलेल्या!

शोभाने पोहे आणले, त्यावर तर्री. वैशूने चहा आणला. मनोहररावांच्या बायकोने विचारलं, "ह्या कोण? बहीण का?"

"हो हो, बहीणच," मी अभिमानाने म्हणालो. खरंच तर होतं!

"मोठी गुणाची दिसते." आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

आम्हीही दाराकडे पाहिलं.

सात-आठ जण पोह्याच्या बशा हातात धरून एकाच दाराकडे पाहत बसले. पंखा फिरत होता. शेवटी मनोहरराव खाकरले.

"तर मंग... मुलाले बोलवा ना."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुलगा लाजून जीपमध्येच बसला आहे! आणि बिचारे वडील, दुसऱ्याच्या घरी स्वतः हाक कशी मारणार, म्हणून मला सांगताहेत! काय संस्कार!

मी धावत खाली गेलो. जीपमध्ये एक तरणाबांड माणूस आरशात मिशा बघत बसला होता. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. तो "अवो काका, अवो काका" करत होता, मी "लाजता काय" करत होतो. वर आणून त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं. आईने त्याच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. शोभाने दुप्पट तर्री घातली.

मनोहररावांचा चेहरा उजळला. "हे होय का?"

"हेच!" मी म्हणालो.

खरं तर त्याच क्षणी त्यांनी आपला ड्रायव्हर ओळखायला हवा होता. पण गाडी भाड्याची, ड्रायव्हर ऐनवेळी बदललेला, आणि मनोहररावांनी वाटभर त्याची फक्त मान पाहिलेली. समोरून पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग.

आता दोन्ही बाजूंनी प्रश्न सुरू झाले.

"पगार किती?" आईने विचारलं.

"दिवसाच्या फेरीवर हाये, मावशी."

"फेरीवर?" मनोहरराव चपापले. "पण सरकारी, कायम ना?"

"फ्लॅट कोणत्या मजल्यावर?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"सयपाक येते म्हणे तुमाले?" हे परत मनोहरराव.

तो माणूस घामाने डबडबला. हातातली बशी घट्ट धरून त्याने एकेकाकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाला, "अवो, मी गाडी आणली फक्त! माझं लगन झालं हाये, दोन पोट्टे हायेत! घरी समजलं तं बायको मले जिवंत नाई ठेवाची!"

मग जे झालं त्याला सभा म्हणतात की बाजार, मला माहीत नाही. "मुलगा कुठाय?" मी ओरडलो. मनोहरराव ओरडले, "तुमी लपवला कुठं?" "आमी काऊन लपवू? मुलगा तुमचा!" "आमचा? आमची मुलगी हाये!" "मुलगी तर आमची हाये!"

आणि त्या हसऱ्या चेहऱ्याच्या मुलीने, जी बहीण नव्हती, जी साक्षात पल्लवी होती, वय एकतीस, बी.एस्सी., बी.एड., हात वर केला. "मी हावो मुलगी."

"मी पण," वैशू म्हणाली.

वैशूने माझा फोन उचलला, प्रोफाइल उघडलं आणि भांडणाऱ्या दोन भावांना हद्द वाचून दाखवावी तशा आवाजात वाचलं. "प्रोफाइल कोणासाठी: भाऊ. लिंग: पुरुष. हवी असलेली वधू: एकोणतीस ते अडतीस." तिने फोन खाली ठेवला. "दादा, तू मले वर्धा जिल्ह्यातला सुयोग्य वर केलं."

मी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. आता काही उपयोग नव्हता, पण आणला.

"थांबा, दुरुस्त करतो! खोडून बहीण टाकतो!" मी ॲपवर शोधाशोध केली. लिंग एकदा भरलं की बदलता येत नाही, प्रोफाइल काढून नव्यानेच करावं लागतं, अशी सूचना तिथे होती. आयुष्यात पहिल्यांदा मला असा अर्ज भेटला, ज्यावर खाडाखोड करून बाजूला सही मारता येत नाही.

आत्याने संधी साधली. "म्हणजे पोरीले स्थळ आलंच नोतं. मले वाटलंच! अडतिसाव्या—"

"आत्या," वैशू म्हणाली. आवाज चढवला नाही. "वय तेच होतं. नोकरी तीच. रंग तोच, स्वभाव तोच. एक अक्षर बदललं नोतं. काकांनी फोनवर एकेका गोष्टीची तारीफ केली, तुम्ही सगळ्यांनी ऐकली. फक्त पोट्टा समजून केली. मंग खोट माझ्यात कुठं होती, ते एकदा दाखवा मले."

मनोहररावांनी कान खाजवला. पल्लवी त्यांच्याकडे वळली.

"बाबा, अडतीस ऐन उमेदीचं वय हाये ना? मंग घरी मले काऊन म्हणता, एकतीस झाले, आता कोण करीन?"

मनोहररावांनी दुसरा कान खाजवला.

पहिल्यांदा वैशू हसली, मग पल्लवी, मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून अशा हसल्या की ड्रायव्हरही धीर करून हसला आणि विचारता झाला, "मंग हे पोहे संपवू का मी?" आईने त्याला आणखी वाढले. आत्याने वैशूच्या पाठीकडे नेलेला हात मध्येच थांबवला, बघितला आणि त्याच हाताने संत्रा बर्फी उचलली.

"विषय बंद," आई म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली. "दसऱ्याची वाट पाहाची गरज नाई."

वैशूने माझ्या फोनवरून ते प्रोफाइल काढून टाकलं. ॲपने कारण विचारलं, लग्न ठरलं का, की इतर काही. तिने 'इतर' दाबलं. "पुढं कधी मन झालं तर मी टाकीन," ती म्हणाली, "माझ्या नंबरवरून, 'स्वतः' दाबून. नाही झालं तर नाही." मग ती पल्लवीला घेऊन आपला फ्लॅट दाखवायला गेली. त्या दोघींचं आता असं मैत्र आहे की आमच्या घरचे फोन त्या उचलत नाहीत.

निघताना मनोहररावांच्या बायकोने आईचे दोन्ही हात धरले. खाली दोघी पोरी खिदळत जीपपाशी उभ्या होत्या, तिकडे बघत त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "खरं सांगतो बाई, तुमच्या मुलीत कशाचीच कमी नाई. मंग इतके वर्षं लगन कसं काय नाई जमलं वो?"

आईने एक क्षणही विचार केला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अवो, स्थळं हाच पाहून राह्यला होता ना!"